वाल्याचे रांजण आणि गावचा सावकार

प्रश्न : यात्रेसाठी आम्ही नाटक बसवलं. जमिनी गिळणारा सावकार शेवटच्या प्रवेशात ढसाढसा रडतो, गहाणखतं फाडतो, सगळ्यांचे पाय धरतो. लोक चक्क हसले! खलनायकाला शेवटी सुधरवायचंच नाही का?
– एक वाचक, ता. जिंतूर

उत्तर : सुधरवा की. पण तुमचा सावकार फुकटात सुटला, म्हणून लोक हसले.

वाल्याची गोष्ट आठवा. एका माणसाला मारलं की एक खडा, असे त्याने रांजण भरले होते. म्हणजे नारद भेटण्याच्या कितीतरी आधीपासून हा माणूस मोजत होता. ज्याला काहीच वाटत नाही तो कशाला मोजेल? पश्चात्तापाचं बी दरोडेखोरीतच पडलेलं होतं. नारद त्याला उपदेश करत बसत नाही. घरी जाऊन एक प्रश्न विचारून ये, एवढंच सांगतो. बायकापोरं पापात वाटा घ्यायला नकार देतात आणि ‘हे सगळं घरच्यांसाठी’ हा वाल्याचा आधारच निखळतो. पुढे अंगावर वारूळ चढेपर्यंत बसणं आहे. ते घर त्याला परत मिळत नाही.

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा चित्रपट औंध संस्थानात स्वतंत्रपूरला झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेला. कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यातले सहा खुनी कैदी बाजारात भाजी विकायला जातात, व्यापाऱ्यांची माणसं त्यांना बदडतात आणि हे हात उचलत नाहीत. ज्या हातांनी खून केले तेच हात आवरलेले दिसतात. तिथे रडण्याची गरजच पडत नाही.

आता तुमच्या सावकाराकडे येऊ. दुसऱ्या अंकातच दाखवा, की तो वहीत पैशाची चूक खपवून घेत नाही. एखाद्या बाईने चार आणे जास्त दिले तर हाक मारून परत करतो. प्रेक्षकांना तो चिक्कू आणि विक्षिप्त वाटू द्या. तिसऱ्या अंकात त्याला स्वतःच्याच वहीत सापडू द्या, की मुलाने एका कुळाच्या नावावर तेच कर्ज दोनदा चढवलंय आणि त्या खोट्या आकड्यावर शेत लिहून घेतलंय. आता वही खरी ठेवायची तर मुलगा जातो, मुलगा ठेवायचा तर वही जाते.

त्याने एकच खत परत करावं. सगळी फाडू नयेत, सगळी फाडली की लेखक घाईत आहे हे कळतं. भाषण तर कापाच. आणि ज्या कुळाकडे तो खत घेऊन जातो, त्याने कागद घ्यावा, दोनदा वाचावा, पण ओट्यावर उभ्या सावकाराला बसा म्हणू नये.