बिल सगळ्यांचं, ताट ज्याचं त्याचं

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

पुण्यात एक मुलगा राहतो. नोकरीला लागून वर्ष व्हायचंय, घरी नेमाने पैसे पाठवतो. पण वीस तारखेलाच त्याने म्हणे रूम पार्टनरकडून दोन हजार उसने घेतले. बातमी आली त्याच्या आईकडून, आईला कळलं शेजारच्यांच्या मुलाकडून. तो स्वतः त्या टेबलावर जेवायला होता, म्हणजे निम्मी तरी खरी असणार. समोरून विचारलं की या मुलाचं नेटवर्क जातं, म्हणून त्याच्या मामाने ही तिऱ्हाइताची गोष्ट लिहायला घेतली आहे.

जेवायला चौघं होते. बिलाचा फोटो मामाने पाहिला. खाणं ३००० चं, दारू ३००० ची. खाण्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ३००. या ३३०० वर ५ टक्के जीएसटी, १६५. दारूला जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो नोव्हेंबर २०२३ पासून बारमध्ये १० टक्के आहे. तो झाला ३००. एकूण ६७६५.

हा मुलगा दारूला शिवत नाही. त्याने ३०० ची थाळी खाल्ली आणि चौघांत मागवलेल्या ४८० च्या स्टार्टरमधला आपला वाटा, १२०. झाले ४२०. एकाने फोनवर भागाकार केला आणि प्रत्येकी १६९१ रुपये सांगितले. मुलाने मान डोलावली, क्यूआर स्कॅन केला, आणि वीस तारीख उजाडली.

शेजारच्यांचा मुलगा म्हणतो, कधीकधी ते न्यायाने वागतात: खाणं ज्याचं त्याचं, टॅक्स मात्र समान. दिसायला बरं, पण इथेच पाणी मुरतं. चार्ज आणि दोन्ही कर मिळून ७६५, चौघांत १९१. म्हणजे ४२० खाणारा ६११ देणार, आणि त्यात दुसऱ्याच्या व्हिस्कीचा व्हॅटही भरणार. कर ताटाच्या मागे जातो, डोक्यांच्या मागे नाही. त्याने आपले ४२० धरावेत, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज मिळवावा, ४६२. त्यावर ५ टक्के जीएसटी, ४८५. दारू पिणाऱ्यांनी आपल्या पेल्यांवर १० टक्के व्हॅट मिळवावा. सगळ्यांची बेरीज बरोबर ६७६५ येते. न आली तर सामाईक डिश कुणाच्या तरी हिशेबातून सुटली आहे, एवढं ओळखावं.

४८५ च्या जागी १६९१. बाराशे रुपये! महिन्यात अशी दोन जेवणं झाली की उसनवारी आलीच. दोन हजार, बंड्या. त्या मुलाच्या आजोबांनी वाण्याचीसुद्धा उधारी ठेवली नव्हती.

आणि तो सर्व्हिस चार्ज तर सरकारी करही नव्हे. हॉटेलने तो आपोआप बिलात घालू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगता येतो. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. काढला तर जीएसटी नुसत्या ३००० वर लागतो आणि मुलाचा वाटा ४४१ होतो. फक्त हे पैसे देण्याआधी बोलावं. वेटरवर डाफरू नये, बिल तो ठरवत नाही.

त्याहून सोपं म्हणजे ऑर्डर देतानाच सांगावं, "दारूचं बिल वेगळं करा." यात कुणाचाच कमीपणा नाही.

एवढं दरडावून लिहिलं, पण मामाही काही धुतल्या तांदळाचा नाही. गिरगावात नोकरी करताना त्याच्या ऑफिसचे लोक पगाराच्या दिवशी जेवायला जात. मामा सुरमई आणि वर बिअर मागवायचा. एक सहकारी फक्त वरणभात खायचा आणि वर्गणी सारखीच द्यायचा. मग तो येईनासा झाला. सगळ्यांनी त्याला कंजूष ठरवलं, मामानेही. त्याच्या घरी किती माणसं खाणारी होती, हे कुणी विचारलं नाही. तो हिशेब मामाला आजही चुकता करता येत नाही.

म्हणून त्या मुलाला कुणी चिकट म्हटलं तर म्हणू दे. त्याने मित्रांबरोबर जाणं मात्र सोडू नये. एकट्याने खोलीत मॅगी खाऊन पैसे वाचवणं मामाला त्याहून जास्त बोचेल. तो जेवतो तरी का नीट? शेजारच्यांचा मुलगा म्हणाला, वाळलाय.

दोन हजार मामा सोमवारी पाठवतोय, ते आधी रूम पार्टनरला द्यावेत. हे पैसे पाठवल्याचं त्याच्या आईला कळणार नाही. तिने मेतकूट करून ठेवलंय, एसटीने कुणी येणारं असेल तर फोन करून कळव.

तुझा,
मामा