ताल बरोबर, तरी ठोका चुकतो

प्रश्न : नवा मोठा टीव्ही घेतल्यापासून ‘रॉक बँड 4’मध्ये ड्रमचे ठोके वेळेवर मारूनही चुकलेले दाखवतो. ड्रम बिघडला का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ड्रम बहुधा ठीक आहे. नवा टीव्ही चित्र सुबक करण्यात वेळ घालवतो आणि ते उशिरा दाखवतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे 80 चा उशीरही खेळ बिघडवतो.

आधी टीव्हीचा ‘गेम मोड’ लावा. मोजमाप त्यानंतरच, उलट केलंत तर सगळं पुन्हा करावं लागेल. ब्लूटूथ स्पीकर असेल तर काढा, त्याचा उशीर मोठा असतो. मग गेममधल्या कॅलिब्रेशनमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळे जुळवा. चित्र जुळवताना आवाज बंद ठेवा, आवाज जुळवताना डोळे मिटा. ड्रमवर एक गोची होते: काठीची ‘टप’ कानाला आधी पोचते आणि हात तिच्यामागे जातो. म्हणून पॅडवर जाड टॉवेल घाला किंवा हे काम गिटारवर उरका. ‘रॉक बँड 2’च्या गिटारमध्ये तर यासाठी प्रकाश टिपणारा सेन्सर आणि माइक होता.

नंतर सोपं गाणं वाजवा. सगळे ठोके एकाच बाजूला चुकत असतील तर आकडा पाच-पाचने हलवा. कधी आधी, कधी नंतर चुकत असतील तर दोष हाताचा.

एवढं करूनही मोकळ्या फिलचा आवाज उशिराच येईल. तुम्ही काय वाजवणार हे गेमला आधी ठाऊक नसतं.