माझाच मसुदा माझ्या आड आला

प्रश्न : मी दौंड तालुक्यातली, शिरूरला एम.ए. करते. आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या बायकांच्या कमाईवर लघुप्रबंध लिहिला. जमा करण्याआधी मनाला धाकधूक नको म्हणून एका झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन प्लेजरिझम तपासून घेतलं, ९ टक्के आलं. पुढे सरांनी कॉलेजमधून तपासलं तर ९४ टक्के! रिपोर्टात परराज्यातल्या एका कॉलेजचं नाव आहे. मी कुणाचंही उतरवलेलं नाही. माझं लिखाण तिथे कसं गेलं? मी तर कुणाला परवानगी दिली नव्हती. ते आता काढून टाकता येईल का?
— एक विद्यार्थिनी, दौंड

उत्तर : तुमचं लिखाण बहुधा कुणी चोरलेलं नाही. ९४ टक्के जुळलेला मजकूर तुमचाच, दुकानात दिलेला मसुदा असणार.

टर्निटिनसारखी प्रणाली झेरॉक्सवाल्याला सहसा मिळत नाही, ती संस्थांना मिळते. दुकानदार कुठल्या तरी कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या नावावरचं खातं वापरत असतो. त्या खात्यात फाइल चढली की तिची तुलना होते, आणि खात्याची मांडणी तशी असेल तर ती कंपनीच्या सामाईक साठ्यात कायमची जमाही होते. पहिल्या वेळी तुमचा मसुदा साठ्यात नव्हता, म्हणून ९ टक्के आले. दुसऱ्या वेळी तो तिथे होता, म्हणून ९४. दुकान आणि कॉलेज दोघांची प्रणाली एकाच कंपनीची असेल तरच असं घडतं, कारण एका कंपनीच्या साठ्यातले विद्यार्थ्यांचे निबंध दुसरीला दिसत नाहीत.

खात्री करायला सरांचा रिपोर्ट उघडा. जुळलेल्या स्रोतापुढे `Student Paper` असं लिहिलेलं असेल आणि संस्थेचं नाव असेल. तो पेपर तिथे कधी जमा झाला ती तारीख मिळाली, तर तुम्ही दुकानात गेलात त्या दिवसाशी ताडून पाहा. दुकानातून मिळालेला रिपोर्ट जपून ठेवलाय ना? त्यावर `Submission ID` नावाचा क्रमांक असतो. हा कागद तुमचा मुख्य पुरावा आहे. तो, जुन्या तारखेची मूळ फाइल आणि मुलाखतींच्या वह्या घेऊन सरांना भेटा. रिपोर्टातून तो एक स्रोत वगळून टक्केवारी पुन्हा काढण्याची सोय मार्गदर्शकाच्या हातात असते. वगळल्यावर आकडा खाली आला, की प्रश्न मिटायला हवा.

ही धावपळ टाळू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ६० टक्क्यांपुढचं साम्य सर्वांत वरच्या पातळीत मोडतं आणि त्याला नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. पण निवाडा यंत्र करत नाही. त्याच विनियमांनुसार विभागाची आणि संस्थेची समिती असते, आणि तुमचं म्हणणं ऐकूनच तिने ठरवायचं असतं.

आता काढून टाकण्याचं. इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. टर्निटिनमध्ये विद्यार्थ्याला स्वतःचा पेपर साठ्यातून पुसता येत नाही. प्राध्यापकाने वर्गाच्या यादीतून तो काढला तरी तो फक्त यादीतून जातो, साठ्यात राहतोच, आणि ‘डिलीट केलंय’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. कायमचा पुसायचा तर ज्या संस्थेच्या खात्यातून तो चढला तिच्याकडून कायमस्वरूपी काढण्याची विनंती व्हावी लागते आणि तिथल्या प्रशासकाने ती मंजूर करावी लागते. तुमच्या बाबतीत ती परराज्यातली संस्था आहे. रिपोर्टावरचा क्रमांक देऊन तिच्या ग्रंथपालाला आणि प्राचार्यांना लेखी कळवा, प्रत सरांना द्या. खातं कुणी भाड्याने चालवतंय हे त्या संस्थेलाही ठाऊक नसण्याची शक्यता आहे, तेव्हा त्यांनाही हे पत्र हवंच असेल.

परवानगीचं बोलायचं तर तुमची तक्रार रास्त आहे. तपासणं आणि साठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीच्या नावाखाली दुसरी उरकली जाते. आयोगाचे विनियम प्रबंध तपासायला सांगतात, ‘तपासून घेतलं’ असं हमीपत्र मागतात, संस्थेने स्वतःचा संग्रह ठेवावा आणि पदवीनंतर प्रत इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर द्यावी म्हणतात. खासगी कंपनीच्या सामाईक साठ्यात टाकाच, असं ते म्हणत नाहीत. उलट, तपासणीची सोय विद्यार्थ्यांनाही खुली असावी असं त्यांत आहे. म्हणजे कॉलेजकडेच मागण्याचा तुमचा हक्क होता, दुकानात जायची वेळच यायला नको होती.

कायदा अजून पुरता तुमच्या हाती आलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळी, नेमक्या कामापुरती आणि समजून दिलेली असावी, ती मागे घेता यावी, आणि संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची मुभा असावी, असं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीची आणि माहिती पुसण्याची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. अमेरिकेत शाळकरी मुलांनी याच साठवणुकीविरुद्ध खटला भरला होता, २००९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ते लेखनहक्कापुरतं होतं, आणि तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही.

म्हणून खरी पकड फाइल चढण्याआधीच ठेवता येते. टर्निटिनमध्ये प्राध्यापक काम लावताना `Submit papers to` असा पर्याय येतो. त्यात सामाईक साठा, संस्थेचा स्वतःचा साठा, किंवा `no repository` यांतलं निवडता येतं. शेवटचा निवडला की तुलना पूर्ण होते, पण तुमची फाइल पुढच्या कुणाच्या तुलनेला वापरली जात नाही. मसुद्यासाठी हाच पर्याय योग्य. अंतिम प्रतीसाठी कॉलेजने संस्थेचा साठा हवा म्हटलं, तर त्यात हरकत घेण्यासारखं मला काही दिसत नाही, पुढच्या वर्षीच्या मुलांनी उतरवू नये यासाठी तो असतो. सरांना आधी दोन ओळी लिहून द्या : ‘माझा मसुदा फक्त तुलनेसाठी तपासावा, कंपनीच्या सामाईक साठ्यात जमा करू नये. जमा करणं आवश्यक असल्यास त्याआधी मला कळवावं.’ लेखी असलं की विसर पडत नाही.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण मला तिची सर्वांत जास्त काळजी वाटते. तुमच्या परिशिष्टात त्या बायकांची नावं, गावं, मोबाइल नंबर, मुकादमाकडून घेतलेली उचल, असं सगळं असेल तर तेही त्या साठ्यात गेलंय. तुमच्या नावाची संमती तुम्ही देऊ शकता, त्यांच्या कर्जाची नाही. साठ्यातल्या पेपराशी दुसऱ्या कॉलेजात कुणाचं साम्य निघालं, तर तिथला प्राध्यापक मूळ पेपर पाहण्याची विनंती पाठवू शकतो, आणि ती मंजूर करणारा माणूस तुम्ही नसता. परराज्यातल्या संस्थेला पाठवायच्या पत्रात हे कारण पहिलं लिहा. कॉलेजकडे पुढची प्रत देताना मुखपृष्ठ, ऋणनिर्देश आणि परिशिष्ट वेगळ्या फाइलमध्ये काढा, मुलाखतींना ‘कामगार १’, ‘कामगार २’ असे क्रमांक द्या आणि नावांची यादी फक्त वहीत ठेवा. तुलना मजकुराची होते, तिला यातलं काहीच लागत नाही.