एका मिनिटाच्या चित्रफितीचे निवेदन : रोपवाटिकाधारकांसाठी एक नमुना

भाजीपाला रोपवाटिका चालविणारे अनेक शेतकरी आता ग्राहकांसाठी मोबाईलवर छोट्या चित्रफिती तयार करतात. ट्रेमधील रोपे शेतकऱ्याच्या घरी पोहोचली, की त्यानंतरची जबाबदारी त्याच्याकडे जाते. परंतु चौथ्या दिवशी रोपे वाळल्याचा फोन मात्र रोपवाटिकेतच येतो. टोमॅटोची लागवड ५ फूट × १.५ फूट अंतरावर केल्यास एकरी सुमारे ५,८०० रोपे लागतात. त्यांपैकी १० टक्के रोपे मेली, तर नांगे भरण्यासाठी ९८ कप्प्यांचे सहा ट्रे पुन्हा लागतात. शिवाय ही रोपे मागाहून लागत असल्याने प्लॉट एकसारखा राहत नाही. लागवडीच्या दिवशी काय करावे हे सांगणारी एक मिनिटाची चित्रफीत हे नुकसान काही प्रमाणात टाळू शकते. मात्र तिचे निवेदन घड्याळ लावून लिहिलेले असावे. असे निवेदन टप्प्याटप्प्याने कसे लिहावे, हे प्रस्तुत लेखात टोमॅटो रोपांच्या उदाहरणासह दिले आहे.

१. आधी कारण निश्चित करावे

एका मिनिटात एकच गोष्ट नीट सांगता येते. म्हणून कागद हातात घेण्यापूर्वी, आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकींचे कारण काय आहे, हे दोन-तीन ग्राहकांच्या शेतात जाऊन पाहावे. वाळलेले रोप मुळांसह उकरून काढावे. खोड जमिनीलगत तपकिरी व पाणचट होऊन रोप कोलमडले असेल, तर तो रोपमर रोग समजावा. खोड जमिनीलगत कुरतडले असेल, तर अळीचा उपद्रव आहे. खोड व पाने निरोगी असून बाजूची माती ओली, पण मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा मात्र कोरडा असेल, तर लागवड उथळ झाली आहे.

या तिसऱ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. लागवडीनंतर पहिले काही दिवस मुळे गोळ्याबाहेर आलेली नसतात. रोप फक्त गोळ्यातील ओलाव्यावर जगते. गोळ्याचा वरचा भाग उघडा राहिला, तर तो दिव्याच्या वातीप्रमाणे काम करतो. खालचा ओलावा वर ओढला जातो आणि वाऱ्या-उन्हाने उडून जातो. शेजारची माती ओली दिसत असल्याने शेतकऱ्याला शंका येत नाही. आपले उदाहरण याच कारणाचे आहे. रोपमर हे कारण आढळल्यास हे निवेदन वापरू नये. त्यासाठी वेगळे लिहावे.

२. शब्दांचा हिशेब

आपल्या बोलण्याचा वेग प्रत्येकाने स्वतः मोजावा. कोणत्याही मजकुरातील १०० शब्द मोजून घ्यावेत. समोर गिऱ्हाईक बसले आहे अशा रीतीने ते वाचावेत व लागलेला वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पाहावा. समजा, ५५ सेकंद लागले. म्हणजे एका शब्दाला ०.५५ सेकंद झाला. साठ सेकंदांपैकी आठ सेकंद शांततेसाठी राखून ठेवावेत, कारण हाताची कृती पाहत असताना प्रेक्षकाला थोडी उसंत लागते. उरलेल्या ५२ सेकंदांत सुमारे ९४ शब्द बसतात. आपली मर्यादा हीच.

आता नेहमीची सुरुवात पाहा : ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो, आमच्या रोपवाटिकेत आपले सहर्ष स्वागत आहे. गेल्या बारा वर्षांपासून आम्ही टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांची दर्जेदार रोपे पुरवीत आहोत.’ हे २२ शब्द झाले. त्यांना १२ सेकंद लागतात. मिनिटाचा पाचवा हिस्सा गेला आणि रोप कसे लावावे याबद्दल एक अक्षरही आले नाही. रोपवाटिकेचे नाव शेवटच्या दृश्यात फलकावर दिसले की पुरे.

आकडे लिहिताना विशेष काळजी घ्यावी. कागदावर १९:१९:१९ हे एकच चिन्ह दिसते; पण उच्चारताना ‘एकोणीस’ हा शब्द तीनदा येतो. म्हणून निवेदनातील प्रत्येक आकडा अक्षरी लिहून मगच शब्द मोजावेत. खते व औषधांची मात्रा निवेदनात घेऊच नये. ती एकदा ऐकून लक्षात राहत नाही आणि चुकीची लक्षात राहिली तर नुकसान होते. मात्रा छापील चिठ्ठीवर लिहून ट्रेसोबत द्यावी.

३. निवेदनाचा नमुना

प्रत्येक दृश्यापुढे सुरुवातीची व शेवटची वेळ मिनिट:सेकंद अशी लिहिली आहे.

दृश्य १ (०:०० ते ०:०९) – ओल्या वाफ्यातील सुकलेले रोप जवळून; बोट उघड्या गोळ्याकडे दाखविते.
निवेदन : ‘जमीन ओली आहे, तरी रोप का सुकले? बघा, मुळांभोवतीचा हा गोळा वरून उघडा राहिला.’ (१४ शब्द)

दृश्य २ (०:०९ ते ०:१८) – रोप उपटून गोळा बोटांनी चुरगाळतात; कोरडा भुसा खाली पडतो.
निवेदन : ‘उघड्या गोळ्यातले पाणी वारा ओढून घेतो. गोळा कोरडा पडतो आणि कोवळी मुळे वाळतात.’ (१३ शब्द)

दृश्य ३ (०:१८ ते ०:२९) – झाडाच्या सावलीत ट्रे एकेक करून मांडतात. झारीने पाणी देतात.
निवेदन : ‘ट्रे घरी आले की सावलीत सुटे मांडा. लागवडीआधी एक तास झारीने भरपूर पाणी द्या. लागवड दुपारी चारनंतरच करा.’ (१८ शब्द)

दृश्य ४ (०:२९ ते ०:३८) – ट्रे उचलून कप्पा खालून दाबतात; रोप गोळ्यासह वर येते.
निवेदन : ‘रोप खोडाला धरून ओढू नका. कप्प्याला खालून बोटाने दाबा. गोळा न फुटता अलगद बाहेर येतो.’ (१५ शब्द)

दृश्य ५ (०:३८ ते ०:५२) – खड्डा, रोप बसविणे, माती ओढणे, दाबणे व पाणी सोडणे. सर्व कृती एकाच जागेवरून सलग.
निवेदन : ‘आता महत्त्वाचे. गोळा पूर्ण खड्ड्यात बसवा. त्याच्यावर अर्ध्या पेराएवढी माती ओढा. कोकोपीट दिसता कामा नये. हलके दाबा आणि लगेच पाणी सोडा.’ (२१ शब्द)

दृश्य ६ (०:५२ ते १:००) – लावलेली ओळ. शेवटी रोपवाटिकेचा फलक व फोन क्रमांक.
निवेदन : ‘लागवड करताना एवढेच पाहा : कोकोपीट दिसते का? शंका असल्यास रोपवाटिकेत फोन करा.’ (१२ शब्द)

एकूण ९३ शब्द झाले. त्यांना ५१ सेकंद लागतात व सुमारे ९ सेकंद शांततेचे उरतात. हे सेकंद सर्व दृश्यांत सारखे वाटलेले नाहीत, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पाचव्या दृश्याचे बोलणे साडेअकरा सेकंदांचे असून त्याला १४ सेकंद दिले आहेत, कारण सर्व चित्रफीत याच कृतीसाठी आहे. ‘माती ओढा’ म्हटल्यावर हात माती ओढेपर्यंत निवेदकाने थांबावे. चौथ्या दृश्यात मात्र जेमतेम पाऊण सेकंद उरतो. तेथे दोन शब्द वाढविले तरी बोलणे पुढच्या दृश्यात घुसते.

फोन क्रमांक निवेदनात घेतलेला नाही. दहा आकडे बोलण्यास पाच-सहा सेकंद जातात आणि कोणी ते लिहून घेत नाही. ‘अर्धा इंच’ऐवजी ‘अर्धे पेर’ म्हटले आहे, कारण माप हातावरच असल्याने लावणाऱ्या मजुरांनाही ते चटकन कळते.

४. चित्रीकरण व आवाज

निवेदन पक्के झाल्यावर आधी आवाज ध्वनिमुद्रित करावा, मग चित्रे घ्यावीत. शेडनेटमध्ये वाऱ्याचा आवाज येतो. म्हणून दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत, शक्यतो गाद्या-गोधड्या असलेल्या ठिकाणी ध्वनिमुद्रण करावे. प्रत्येक दृश्य ठरलेल्या वेळेपेक्षा चार-पाच सेकंद जास्त घ्यावे, म्हणजे जोडताना काटछाट करता येते. चित्र कमी पडल्यास आवाज भरभर करू नये. दृश्य पुन्हा घ्यावे.

५. चूक कशी ओळखावी?

चित्रफीत पाठविण्यापूर्वी दोन साध्या चाचण्या कराव्यात. रोपवाटिकेत काम न करणाऱ्या एका व्यक्तीला चित्र न दाखविता फक्त आवाज ऐकवावा. दुसऱ्या व्यक्तीला आवाज बंद करून फक्त चित्र दाखवावे. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : ‘तुम्ही रोप लावताना काय कराल?’ गोळा मातीने झाकू, असे उत्तर दोघांकडूनही यावयास हवे. ऐकणारा ‘पाणी द्यायचे’ एवढेच म्हणाला, तर तिसऱ्या दृश्यातील मजकूर पाचव्यावर मात करीत आहे. तो कमी करावा. पाहणाऱ्याला सांगता आले नाही, तर पाचवे दृश्य लांबून घेतले गेले आहे. ते अधिक जवळून घ्यावे.

६. या नमुन्याच्या मर्यादा

हा नमुना साध्या रोपांसाठी आहे. कलमी रोपांना तो तसाच लावू नये. त्यांत कलमाचा जोड मातीच्या वर राहणे आवश्यक असते. अन्यथा वरच्या भागाला मुळ्या फुटतात व खुंटाचा फायदा राहत नाही. अशा रोपवाटिकेने ‘कोकोपीट झाका, जोड उघडा ठेवा’ हे वाक्य घालावे व त्यासाठी तिसऱ्या दृश्यातील एक वाक्य कमी करावे. प्लॅस्टिक आच्छादनावरील लागवडीत कोवळे खोड तापलेल्या कागदाला टेकून भाजते. तेथे रोप छिद्राच्या मध्यभागी बसविण्याचे दृश्य स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

चित्रफीत रोपे पोहोचण्याच्या आदल्या दिवशी ग्राहकाला पाठवावी. लागवड उरकल्यानंतर पाहिलेल्या चित्रफितीचा त्या प्लॉटला उपयोग होत नाही. पुढील हंगामात आलेल्या तक्रारींची वहीत कारणवार नोंद ठेवावी. कोरड्या गोळ्याच्या तक्रारी कमी झाल्या नसतील, तर चित्रफीत ग्राहकाने पाहिली, पण लावणाऱ्या मजुरांपर्यंत ती पोहोचली का, हे आधी तपासावे.