टोळीच्या मुलांचे वर्गातले पहिले तीन दिवस



गाळप सुरू झाले की आपल्या शिवारात टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात आणि दिवाळीनंतर गावच्या शाळेत चार-सहा नवी पोरे येऊन बसतात. दाखला गावाकडे राहिला, म्हणून प्रवेश अडत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तशी सोय केली आहे. पण पटावर नाव चढले म्हणजे पोर शाळेत रमले असे नव्हे. पहिल्या तीन-चार दिवसांत ओळख झाली नाही, तर ते कोपीवर धाकट्याला सांभाळत बसते आणि पुन्हा शाळेकडे फिरकत नाही. हे टाळण्यासाठी शाळेत जमण्याजोगा एक खेळ येथे देत आहोत. आपल्यापैकी जे शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी तो गुरुजींना व बाईंना जरूर दाखवावा.

खेळाला लागतो फक्त चिंध्यांचा चेंडू. समजा तिसरीच्या वर्गात 28 जुनी मुले आहेत आणि 4 नवी आली. सगळ्या 32 जणांचे एकच रिंगण करू नये. त्यात पाळी येईतो पोर घाबरून जाते आणि बोलताना साऱ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. आठ-आठांची चार रिंगणे करावीत. दोन रिंगणांत दोन-दोन नवी मुले ठेवावीत. भावंडे किंवा एकाच टोळीतली असतील तर एकत्रच. एकटे पोर गप्प राहते, दोघे असली की एकमेकांकडे बघून हसतात तरी.

आता चेंडू जमिनीवरून घरंगळत द्यायचा, फेकायचा नाही. फेकलेला झेलता आला नाही की हसे होते. पहिल्या फेरीत ज्याच्याकडे चेंडू, त्याने स्वतःचे नाव सांगून तो दुसऱ्याकडे सोडायचा. सुरुवात जुन्या मुलाने करावी. तिघा-चौघांचे ऐकले की नव्याला काय करायचे ते न सांगता कळते. दुसऱ्या फेरीत ज्याला चेंडू द्यायचा, त्याचे नाव घ्यायचे. आठवले नाही तर "तुझं नाव काय?" असे विचारायचे. विचारणे हा खेळाचाच भाग. त्यात कोणी बाद होत नाही. मग प्रत्येक रिंगणातली तीन जुनी मुले पुढच्या रिंगणात जातात आणि खेळ पुन्हा चालू. सारे मिळून पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

दुसऱ्या दिवशी नावाबरोबर आपले गाव सांगायचे. बंजारा तांड्यावरची किंवा नंदुरबारकडची पोरे घरी वेगळी बोली बोलतात. एवढ्या दोन शब्दांत त्यांचेही भागते.

तिसरा दिवस नव्या मुलांचा. लगोरी, सागरगोटे, विटीदांडू सगळीकडे आहेत. पण नियम गावागणिक वेगळे. त्या दिवशी खेळ पाव्हण्यांच्या गावच्या नियमाने खेळायचा. काल मुकाट बसलेले पोर आज "आमच्याकडं असं नाही, असं धरत्यात" म्हणून सांगू लागते.

चुका कुठे होतात? एका शाळेत आम्ही पाहिले, पहिल्याच दिवशी कबड्डीसाठी दोन कप्तानांना गडी निवडायला सांगितले. नवी पोरे शेवटपर्यंत उरली. दुसऱ्या दिवशी त्यातली दोन आलीच नाहीत. दुसरी चूक म्हणजे कडेवर धाकटे आहे म्हणून पोरीला बाजूला बसवणे. धाकट्यालाही रिंगणात घ्यावे, नाहीतर ती मुलगी कधीच खेळणार नाही. तिसरी, नावाऐवजी "ए तोडकऱ्या" अशी हाक. पहिल्यांदा कानी आली त्याच वेळी गुरुजींनी थांबवावी.

खेळ लागू पडला की नाही, हे मधल्या सुट्टीत कळते. चौथ्या दिवशी नवी पोरे भिंतीशी आपापसातच बसली असतील, तर आणखी दोन दिवस खेळ घ्यावा. जुन्या मुलांनी त्यांना नावाने हाक मारली, तर काम झाले. टोळ्या एकदम येत नाहीत, म्हणून नवी तुकडी आली की खेळ पुन्हा घ्यावा.

खेळाने सगळे भागत नाही, हेही खरे. रात्री गाडी भरायला आई-बापाबरोबर जागलेले पोर सकाळी पेंगणारच. त्याला खेळाचा आग्रह करू नये, झोपू द्यावे. टोळी दुसऱ्या शिवारात हलली, तर शाळाही बदलते.

म्हणून सभासदांना दोनच गोष्टी सुचवतो. आपल्या रानात टोळी उतरली की त्याच दिवशी मुलांची संख्या आणि वये शाळेत कळवा, म्हणजे गुरुजींना रिंगणे आखता येतील. आणि पहिल्या सकाळी शाळेला जाताना आपल्या पोराला कोपीवरून त्यांना हाक मारून सोबत न्यायला सांगा. पहिले नाव त्यांना वाटेतच कळेल.