क्लेम मंजूर झाल्यानंतर

काकांच्या विम्याचा क्लेम मंजूर झाल्याचा मेल आला आणि घरातल्यांनी तो वरवर वाचून सोडून दिला. ‘पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम नॉमिनीच्या खात्यात जमा होईल’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पंधरवडा उलटला तरी काकूंच्या खात्यात पैसे नव्हते. मग मी तो मेल शब्दन् शब्द वाचला.

त्यात खात्याचे शेवटचे चार आकडे होते आणि ते बरोबर होते. चुकला होता तो आयएफएससी. काकूंची बँक २०२० च्या विलीनीकरणात दुसऱ्या बँकेत गेली, कोड बदलले. पण क्लेमच्या फॉर्मला जुन्याच पासबुकाचं पहिलं पान जोडलं होतं. विमा कंपनीने एनईएफटी वेळेवर केली होती आणि ती लगेच परतही गेली होती. परत आलेल्या पैशांची खबर मात्र आम्हाला कुणी दिली नाही.

म्हणून मेल आला की खातं आणि कोड त्याच दिवशी चालू चेकबुकाशी ताडून पाहा. मुदत टळली तर नुसतं ‘पैसे कधी येणार’ असं विचारू नका, यूटीआर नंबर मागा. पैसे निघाले की नाहीत, निघाले तर कुठे अडले, हे त्यावरून बँक सांगू शकते. दुरुस्तीसाठी त्याच मेलला उत्तर द्यावं, म्हणजे क्लेम नंबर सोबत राहतो. सोबत नॉमिनीचं नाव छापलेला रद्द केलेला चेक जोडावा. काकूंचे पैसे असेच आले.

दुसरी गोष्ट रकमेची. पॉलिसी दहा लाखांची, बोनस ३,४२,००० रुपये. मंजूर झाले ११,२३,०००. चुलतभाऊ भडकला. हिशोब मागवल्यावर कळलं की काकांनी पॉलिसीवर दोन लाखांचं कर्ज काढलं होतं. ते आणि त्यावरचं १९,००० रुपये व्याज वजा झालं होतं. काकूंना याची कल्पनाच नव्हती. मेलमध्ये नुसता एकच आकडा असेल, तर हिशोबाचा तपशील लेखी मागवाच.

चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा कंपनीने १५ दिवसांत, चौकशी लागली तर ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. कंपनीमुळे उशीर झाला, तर बँक रेटपेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याज मिळतं. आमच्याकडे कोड आमचाच चुकलेला, त्यामुळे त्या व्याजासाठी भांडायला जागा नव्हती. कंपनी दादच देत नसेल तर विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आहे.

याच काळात काकूंना एक फोन आला. बोलणाऱ्याला पॉलिसी नंबरसुद्धा माहीत होता. “मावशी, फाइल क्लिअर करायला जीएसटीचे आठ हजार भरा,” असं तो म्हणाला. काकूंनी शांतपणे सांगितलं, “माझ्या पैशातनंच कापून घे की रे बाबा.” पलीकडून फोन बंद झाला.