पॅनेलने अर्धवट सोडलेला प्रश्न

मुलाखत झाल्यावर आभाराचा ईमेल पाठवावा, हा सल्ला आता प्लेसमेंट सेलपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळेच देतात. मग मुलं तयार नमुना शोधतात, कंपनीचं नाव बदलतात आणि ‘आपल्या नामांकित संस्थेत मुलाखतीची संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार, आपल्यासोबत काम करायला मी उत्सुक आहे’ असं लिहून मोकळी होतात. एचआरच्या इनबॉक्समध्ये त्याच संध्याकाळी असे चार-पाच ईमेल येऊन पडलेले असतात. त्यातला कोणता कुणाचा, हे नाव झाकलं तर सांगता येणार नाही. असा ईमेल पाठवला काय नि न पाठवला काय, सारखंच. फरक पडतो तो मुलाखतीत झालेल्या एका ठरावीक चर्चेचा त्यात नेमका उल्लेख असेल तर. आणि त्या चर्चांमध्येही सर्वांत कामाची ती, जी मुलाखतीत अर्धवट राहिली.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली एक मुलगी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या ट्रेनी पदासाठी मुलाखतीला गेली आहे. तारापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्यातलं वेर्णा अशा ठिकाणच्या कारखान्यांत या पदासाठी दरवर्षी मुलाखती होतात. समोर तिघं आहेत : क्यूसी विभागाचे प्रमुख, क्वालिटी ॲश्युरन्सच्या एक मॅडम आणि एचआर. प्रमुख विचारतात, ‘गोळीतल्या औषधाच्या प्रमाणाची मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे. तुम्ही एचपीएलसीवर टेस्ट केली आणि ९३.८ आलं. काय कराल?’ मुलगी म्हणते, ‘नवीन सॅम्पल घेऊन पुन्हा टेस्ट करेन.’ ते विचारतात, ‘त्याआधी?’ ती गडबडते, ‘कॉलम तपासेन’ म्हणते. तेवढ्यात एचआर पुढचा प्रश्न विचारते, ‘शिफ्टमध्ये काम चालेल का?’ विषय तिथेच राहतो.

हा प्रश्न साधा नाही, आणि तो का विचारला जातो हे कळलं की ईमेलमध्ये काय लिहायचं तेही कळतं. मर्यादेबाहेरचा निकाल आला की चांगला निकाल येईपर्यंत टेस्ट करत राहायचं आणि तोच नोंदवायचा, ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीज या कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने याच सवयीवर बोट ठेवलं. पुढे २००६ मध्ये तिथल्या एफडीएने अशा निकालांची चौकशी कशी करायची याचं मार्गदर्शन काढलं, आणि २०२२ मध्ये ते सुधारलं. अमेरिकेला औषधं पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांचीही एफडीएकडून तपासणी होते, त्यामुळे तिथल्या क्यूसी प्रमुखाला ट्रेनीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायचं असतं ते एवढंच : आधी सुपरवायझरला सांगेन आणि तयार केलेली द्रावणं फेकणार नाही. त्यानंतर वजन, डायल्यूशन, गणित, सिस्टिम सुटेबिलिटी यांत प्रयोगशाळेची चूक आहे का ते बघायचं. चूक पुराव्यानिशी सापडली तरच पहिला निकाल रद्द होतो. नाही सापडली तर चौकशी उत्पादन विभागापर्यंत जाते. नव्या सॅम्पलची गोष्ट बरीच नंतरची, तीही आधीपासून लिहून ठेवलेल्या पद्धतीप्रमाणेच. म्हणजे ‘त्याआधी?’ या एका शब्दात प्रमुखांनी तिला दुसरी संधी दिली होती आणि ती हुकली.

आता ती रात्री ईमेल लिहिते. ज्या मेलवरून मुलाखतीचं बोलावणं आलं, त्यालाच रिप्लाय करते, म्हणजे तिचा अर्ज आणि हा मजकूर एका धाग्यात राहतात. भाषा अर्थातच इंग्रजी असेल, पण आशय असा : ‘मॅडम, आज क्यूसी ट्रेनी पदासाठी पॅनेलसमोर बोलता आलं, त्याबद्दल आभार. मर्यादेबाहेरचा निकाल आल्यावर पहिलं पाऊल काय, असं सरांनी विचारलं होतं. मी थेट पुन्हा टेस्ट करण्याबद्दल बोलले, ते बरोबर नव्हतं. घरी आल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं, की आधी सुपरवायझरला कळवायचं, तयार द्रावणं जपून ठेवायची आणि त्यांच्यावरूनच प्रयोगशाळेतली चूक शोधायची. लगेच नवीन सॅम्पल घेतलं तर मूळ कारण हातातून निसटतं. सरांच्या प्रश्नामुळे हे नीट समजलं. हा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवता आला तर आभारी राहीन.’ प्रत्यक्षात ‘सर’ऐवजी त्यांचं नाव, अचूक स्पेलिंगसह. खाली सही, फोन नंबर, संपलं. अटॅचमेंट नाही, रेझ्युमे पुन्हा नाही, एफडीएच्या कलमांची जंत्री तर मुळीच नाही. चार परिच्छेदांचा निबंध गेला तर तो उतरवून काढलाय हे वाचणाऱ्याला कळतं.

मुलाखतीत जे उत्तर छान जमलं त्याचा उल्लेख का करू नये, असं कुणी विचारेल. करायला हरकत नाही, पण त्याचे गुण पॅनेलने आधीच दिलेले असतात. ईमेलमुळे त्यांना नवीन काही कळत नाही. कंपनीच्या नव्या प्लँटचं किंवा कामाच्या वातावरणाचं कौतुक तर कुणीही करू शकतं. कसोटी सरळ आहे. त्या दिवशी आलेल्या दुसऱ्या एखाद्या उमेदवाराला हेच वाक्य जसंच्या तसं पाठवता आलं असतं का? आलं असतं तर ते खोडा. अर्धवट राहिलेल्या प्रश्नाचा उल्लेख या कसोटीवर टिकतो, कारण तो फक्त तुमच्याच खोलीत, तुमच्याच बाबतीत घडलेला असतो. शिवाय ट्रेनी घेताना प्रमुखाला एक गोष्ट मुलाखतीत सहसा दिसत नाही : चूक दाखवल्यावर हा माणूस पुढे काय करतो? ती या ईमेलमध्ये दिसते.

‘पण आपणच आपली चूक दाखवायची?’ ही शंका पालकांना हमखास येते, आणि ती चुकीची नाही. इथे तारतम्य लागतं. पॅनेलने उलट प्रश्न विचारला असेल, तर चूक त्यांच्या लक्षात आली आहे. तिथे गप्प राहून काही झाकलं जात नाही. पण कुणाच्या लक्षातही न आलेली बारीकशी घसरण उकरून काढू नये. एक प्रश्न निवडायचा, एकच. तीन उत्तरं दुरुस्त करणारा ईमेल म्हणजे मुलाखत पुन्हा घ्या अशी विनवणी वाटते. दुरुस्त केलेलं उत्तर पाठवण्याआधी कॉलेजच्या सरांना किंवा त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणाला तरी विचारून पक्कं करायचं, कारण दुसऱ्यांदा चुकलं तर आधीचं बरं होतं म्हणायची वेळ येते. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. बोलण्याच्या ओघात पॅनेलमधलं कुणी कारखान्यातल्या अडचणीबद्दल, एखाद्या ऑडिटमधल्या शेऱ्याबद्दल बोलून गेलेलं असतं. तो मुद्दा कितीही खास असला तरी ईमेलमध्ये आणायचा नाही. तोंडी बोललेलं लेखी झालं की त्या माणसाची पंचाईत होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : निर्णय तर पॅनेल उठतानाच होतो, मग रात्रीच्या ईमेलचा उपयोग काय? खरंय. पुष्कळ ठिकाणी गुणपत्रकं मुलाखत संपताच भरली जातात, आणि जिथे सगळ्यांना तेच प्रश्न आणि त्याच निकषांवर गुण असतात, तिथे ईमेलने आकडा हलत नाही, हलूही नये. कच्च्या उमेदवाराला हा ईमेल तारत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. पण खासगी कंपनीत निवड आणि रुजू होणं यांत बराच काळ जातो. ऑफरला वरून मंजुरी लागते, पहिला उमेदवार दुसरीकडे जातो, दोन महिन्यांनी आणखी एक जागा निघते. तेव्हा एचआर यादी पुन्हा उघडते आणि प्रमुखांना विचारते, ‘यातलं कोण आठवतंय?’ सारख्याच गुणांच्या दोघा-तिघांमध्ये ‘ती द्रावणं जपून ठेवण्याबद्दल लिहिणारी मुलगी’ ही ओळख तिथे कामाला येऊ शकते. मात्र एवढ्यासाठी ईमेल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायला हवा. आठवडा उलटल्यावर तो आभार न वाटता निकालाची चौकशी वाटतो.

ही चमचेगिरी नाही का, हा तिसरा प्रश्न. स्तुती असेल तर आहे. कामाचं बोलणं असेल तर नाही. पॅनेलमधल्या तिघांचे पत्ते मुलाखतीच्या मेलमध्ये दिलेले नसतील तर ते अंदाजाने बनवून किंवा सोशल मीडियावर शोधून तिथे गाठू नये. एचआरमार्फत निरोप पुरतो. पत्ते दिलेलेच असतील आणि तिघांनाही लिहायचं असेल तर एकच मजकूर तीनदा चिकटवू नका, ते मेल एकमेकांना दाखवले जातात. आणि जिथे हा प्रकार पूर्ण वर्ज्य आहे ती जागा म्हणजे सरकारी भरती. यूपीएससी, एमपीएससी, बँका, सार्वजनिक उपक्रम, विद्यापीठातल्या निवड समित्या, इथे पॅनेलच्या सदस्याशी संपर्क साधणं हे वशिला लावण्यात मोडू शकतं, आणि उमेदवारीसाठी असा दबाव आणला तर अपात्र ठरवलं जाईल अशी तरतूद बहुतेक जाहिरातींत असते. तिथे आभार मनातच मानायचे.

राहिली पालकांची भूमिका. ईमेल वडिलांनी लिहून देऊ नये, एचआरला फोन तर कधीच करू नये. तो आला की उमेदवाराचं वय दहा वर्षांनी कमी होतं. पण एक काम घरीच होऊ शकतं. मुलगी दारात आली की ‘होईल ना गं?’ असं विचारण्याऐवजी ‘कुणी काय विचारलं, आणि कुठलं उत्तर अर्धवट राहिलं?’ असं विचारा, आणि ती सांगेल ते तिलाच कागदावर लिहायला लावा : प्रश्न विचारणाऱ्याचं नाव, त्याचे शब्द, आपण काय म्हणालो. रात्री जेवणं होईपर्यंत थांबलात तर यातलं निम्मं ती विसरलेली असेल.